दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांच्या शाळेला एका शब्दाचं नाव हवंय

साळुंकी
नमस्कार. पिंपळे सौदागरला तळमजल्यावरच्या एका दोन बेडरूमच्या सदनिकेत जूनपासून प्लेग्रुप सुरू करतोय. वय दीड ते साडेतीन, जास्तीत जास्त १६ मुलं, दोन ताई आणि एक मावशी. परवाने, गेट, कॅमेरे वगैरे मार्गी लागलंय, नाव तेवढं अडलंय.

अटी अशा: एकच शब्द, फार तर चार अक्षरं. ऐकल्या ऐकल्या आईवडिलांना दोन गोष्टी जाणवाव्यात, की इथे मूल सुखरूप राहील आणि इथे ते खेळेल. पालक निम्मे मराठी, उरलेल्यांत हिंदी भाषक जास्त, शिवाय काही गुजराती, कन्नड आणि तेलुगू. इंग्रजी नाव नको आहे.

सध्याची यादी: किलबिल, सुरक्षा, अंगण, ऊब, पाळणा, घरटं. फुली मारा, भर घाला.

ठाणे_स्लो
नाव 'अ' ने सुरू झालं पाहिजे, म्हणजे यादीत पहिलं येतं. अंगण फायनल करा. अक्षरांची बेरीज पाच किंवा सहा येतेय का तेही एकदा बघून घ्या.

वैदर्भी_आई
मुलीसाठी हवं असेल तर 'ओवी', 'ईरा' छान आहेत. मुलगा असेल तर 'अर्णव'. अभिनंदन!

साळुंकी
वैदर्भीताई, शाळेसाठी हवंय हो :) पण 'ओवी' लिहून ठेवते.

खडूफळा
यादी एकेक करून घेऊ.

'सुरक्षा' आधी काढा. जे नाव थेट 'आम्ही सुरक्षित आहोत' म्हणतं ते ऐकणाऱ्याच्या मनात धोका आणतं. शिवाय तो शब्द वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचा वाटतो. 'कवच' म्हणाल तर विमा आठवतो. सुखरूपपणा शब्दात लिहायचा नसतो, तो शब्दातल्या वस्तूत किंवा जागेत असावा लागतो.

'पाळणा' ऐकलं की लोकांना पाळणाघर ऐकू येतं, आणि पाळणाघर म्हणजे मूल सांभाळायची सोय. खेळ त्यात नाही. वर 'पाळणा लांबवा' म्हणणाऱ्या भिंती पाहिलेली पिढी आता आजी-आजोबा आहे, आणि मुलाला सोडायला बहुतेक वेळा तेच येणार आहेत.

'किलबिल'मध्ये वाईट काही नाही, पण गावोगावी आहे. नकाशावर शोधलं तर तुमची कुठली ते कळणार नाही.

'ऊब' मराठीत सुंदर आहे. हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. इतके पालक हिंदी असतील तर विषय संपला.

'घरटं' ठीक. त्यात सुरक्षितता पूर्ण आहे, खेळ शून्य. घरट्यात पिल्लू चोच उघडून बसतं, दुसरं काही करत नाही.

राहिलं अंगण. त्यात दोन्ही आहे. घराच्या हद्दीत, आईच्या नजरेच्या टप्प्यात, तरी वर आभाळ. अडचण एकच, आणि ती बाकीचे सांगतीलच.

ठाणे_स्लो
म्हणजे मी बरोबर होतो!

खडूफळा
शब्द बरोबर, कारण चूक. 'अ' पहिला येतो हे टेलिफोन डिरेक्टरीच्या काळात खरं होतं. आता पालक नकाशावर 'प्लेग्रुप' टाकून शोधतात, तिथे अंतर, शोधलेल्या शब्दाशी जुळणी आणि लोकांचे अभिप्राय यांवर क्रम लागतो. वर्णानुक्रम तिथे येत नाही.

त्याच ओघात: नकाशावर नाव टाकताना फलकावर आहे तेवढंच टाका. 'अमुक बेस्ट प्लेस्कूल पिंपळे सौदागर' असं शेपूट लावलेलं गूगलच्या नियमात बसत नाही, कोणी तक्रार केली तर नोंद निलंबित होऊ शकते. प्रकार विचारतात तिथे 'प्रीस्कूल' निवडायचं, म्हणजे नावाला ते ओझं वाहावं लागत नाही.

बाराखडी
अंगणची अडचण मी सांगते. अंगण म्हटलं की पुढे 'वाडी' आपोआप लागतं. अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातला. मुलं शाळेपर्यंत येईनात, तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, अशी कल्पना होती. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो शब्द सरकारी झाला. अंगणवाड्या मोठं काम करतात, त्याबद्दल वाद नाही. पण महिना फी भरणारा पालक फलक वाचून गोंधळेल, आणि ज्याला खरंच अंगणवाडी हवी आहे तोही दारात येऊन चौकशी करेल.

दुसरं, रोमनमध्ये Angan की Aangan? हिंदी माणूस 'आंगन' म्हणतो आणि दोन a टाकतो. मराठी माणूस एक टाकतो. फोन नंबर कोणत्या नावाने साठवला हेच मग सापडत नाही.

आता मुख्य मुद्दा. फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची संस्था काढली तेव्हा तिचं नाव एका दमात म्हणता येणार नाही इतकं लांब होतं. १८४० मध्ये त्याने 'किंडरगार्टन' हा शब्द लावला आणि तो जगभर गेला. तो का चालला ते बघा. बागेला कुंपण असतं, माळी असतो, आणि आत मोकळीक असते. आपल्या 'बालवाडी'तली वाडी तीच. म्हणजे ज्या शब्दात कड आणि आतली मोकळीक दोन्ही आहेत तो शब्द शोधायचा. वस्तू, प्राणी, फुलं, पाखरं सोडा. जागा दाखवणारे शब्द घ्या.

आणि अशी एक जागा मराठी मुलांच्या खेळातच आहे: भोज्या. पकडापकडीत भोज्याला हात लावला की तुम्ही सुखरूप, राज्य असलेला तुम्हाला बाद करू शकत नाही. सुरक्षितता आणि खेळ एका शब्दात बसवायला सांगितलं तर याच्याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही.

साळुंकी
अंगावर काटा आला. भोज्या!

मुद्राक्षर
शब्द भारी. पण 'भोज्याला शिवून येणे' याचा अर्थ काय? नावापुरतं जाऊन येणे. लग्नाला गेलो, भोज्याला शिवून आलो. शाळेचं नाव म्हणून हे चालेल?

बाराखडी
खरंय. तरी मला तो दोष लहान वाटतो. वाक्प्रचारात भोज्याला *शिवणं* हलकं आहे, भोज्या हलका नाही.

ठाणे_स्लो
'भटाला दिली ओसरी' म्हणून ओसरी बाद करणारे तुम्हीच लोक मागच्या एका धाग्यावर होतात.

बाराखडी
ओसरीच्या म्हणीत ओसरी मिळालेला माणूस हातपाय पसरतो. खरं सांगायचं तर प्लेग्रुपसाठी तो दोष नाही, वर्णन आहे.

जोधपूरी_मराठी
माझा जन्म राजस्थानातला, शिक्षण पुण्यात. Bhojya असं लिहिलेलं माझ्या घरी कोणालाही दाखवा, ते 'भुजिया' वाचतील. शेव. जे थोडे शुद्ध हिंदीवाले आहेत ते 'भोज्य' वाचतील, म्हणजे खाण्याजोगं. लहान मुलांच्या शाळेला 'खाण्याजोगं' हे नाव...

साळुंकी
😐

खडूफळा
म्हणूनच शब्द आवडला की लगेच फलक रंगवायचा नाही. आधी तीन परीक्षा घ्या. खर्च शून्य, वेळ एक रविवार.

पहिली फोनची. घरात टीव्ही चालू असताना दहा-बारा जणांना फोन करा. त्यात निम्मे मराठी न बोलणारे असू द्या. शब्द एकदाच म्हणा, अर्थ सांगू नका, 'रोमनमध्ये लिहून मेसेज करा' म्हणा. किती वेगवेगळी स्पेलिंगं आली ते मोजा. दोनपर्यंत चालतं. चार-पाच आली तर लोक तुम्हाला शोधू शकणार नाहीत. मग त्यांनाच विचारा, हे कशाचं दुकान असेल? उत्तरात मुलं आलीच पाहिजेत असं नाही, पण औषधं, मिठाई किंवा सोनं आलं तर सावध व्हा.

दुसरी वाक्याची. नाव फलकावर एकटं असतं, पण बोलण्यात ते वाक्यात येतं. मराठीत तर प्रत्यय लागून येतं. चार वाक्यं ठरवून म्हणा: 'बाळाला ___ला सोडून आले.' '___त आज काय केलं?' '___चा फोन आला होता.' आणि चौथं वाईट बातमीचं: '___मध्ये पडला, गुडघा फुटला.' हे चौथं लोक टाळतात. दीड वर्षाची मुलं पडणारच, आणि त्या दिवशी हे नाव कसं ऐकू येतं ते आधीच माहीत हवं. 'झोका' घ्या. 'झोक्यात पडला' म्हटलं की ऐकणारा झोक्यावरूनच पडला समजतो.

तिसरी बोबडी. दोन वर्षांचं मूल नाव कसं म्हणेल ते म्हणून बघा. या वयात ढोबळमानाने प, ब, म, त, द, न हे सोपे. क आणि गचा बऱ्याचदा त आणि द होतो. रचा ल किंवा य होतो. ळ, ण आणि जोडाक्षरं उशिरा येतात. नाव नीट म्हणता आलंच पाहिजे असा हट्ट नको. बोबड्या उच्चाराचं भलतंच काही होत नाही ना, एवढं पाहायचं.

फुगडी
मी एक सुचवू? रिंगण. वारीतलं रिंगण आठवा. चारी बाजूंनी माणसं उभी आणि मध्ये मोकळं धावणं. बाराखडींची 'कड आणि मोकळीक' वाली अट तंतोतंत. प्लेग्रुपमध्ये सकाळी मुलं गोल करूनच बसतात.

मुद्राक्षर
फलकावर फार देखणं दिसेल. गोल चिन्ह आपोआप सुटतं.

सुरती_लोचो
गुजरातीत रींगण म्हणजे वांगं. 🍆

फुगडी
अरे देवा. पण वांगं निरुपद्रवी आहे, उलट लक्षात राहील.

बाराखडी
वांगं मी पचवेन. वाक्याची परीक्षा घ्या: 'बाळाला रिंगणात सोडून आले.' रिंगणात कोण उतरतं? निवडणुकीतले उमेदवार आणि पैलवान.

फुगडी
नुसतं 'रिंगणला' म्हणतील ना. संस्थेचं नाव असलं की लोक सामान्यरूप करत नाहीत.

बाराखडी
काही करतात, काही नाही. परभाषेतलं किंवा अपरिचित नाव असलं की ते जसंच्या तसं ठेवून प्रत्यय लावतात. रोजच्या वापरातला मराठी शब्द असेल तर सवयीने रूप बदलतंच. 'खोप्यात', 'घरट्यात', 'अंगणात' असं तोंडात येतं. तुम्ही फलकावर 'घरटं' लिहिता आणि लोकांच्या तोंडी 'घरट्या' राहतो. म्हणून मी तर म्हणेन ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द घ्या. ओसरी, कुशी, गट्टी. ओसरीत, कुशीला, गट्टीचा. शब्द मोडत नाही, मागे फक्त प्रत्यय चिकटतो.

खडूफळा
रिंगणला तिसरी परीक्षाही लावा. रचा ल करून मोठ्याने म्हणा. मी इथे लिहीत नाही.

फुगडी
...मागे घेतलं.

कोल्हापुरी_चप्पल
माझा प्रश्न थोडा वेगळा. आमचं पाळणाघर बारा वर्षं 'मावशी' याच नावाने चालतंय. आता प्लेग्रुपही जोडायचाय. नाव बदलावं का? सगळे म्हणतात जुनं वाटतं.

खडूफळा
बदलू नका. बारा वर्षांत त्या शब्दाने जे कमावलंय ते नव्या शब्दाला कमवायला पुन्हा तितकाच वेळ लागेल. 'मावशी'मध्ये विश्वास भरपूर आहे, खेळ कमी आहे. ती उणीव फलकावरच्या चित्राने आणि खालच्या छोट्या ओळीने भरून निघते. यांचं कोरं पान आहे, तुमचं नाही.

कायदेभान
व्यापारचिन्हाचं बोलतो, कारण हे लोक शेवटी बघतात आणि फलक उतरवतात.

शिक्षण, म्हणजे प्लेग्रुप, वर्ग ४१ मध्ये येतो. मूल सांभाळण्याची सेवा, म्हणजे पाळणाघर, वर्ग ४३ मध्ये. दुपारी दोननंतर मुलं ठेवून घेणार असाल तर दोन्ही वर्गांत अर्ज हवा. अर्जाचा नमुना टीएम-ए. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन भरला तर एका वर्गाला ४५०० रुपये सरकारी शुल्क, दोन वर्गांना ९०००. नोंद झाली की दहा वर्षं, पुढे नूतनीकरण.

शोध मोफत आहे, ipindia.gov.in वरून. नुसतं हुबेहूब नाव शोधून थांबू नका. उच्चारसाधर्म्याचा शोध वेगळा असतो, तो दोन्ही वर्गांत लावा. नाव देवनागरीत नोंदवलं तरी अर्जात रोमन लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो, आणि साम्य ऐकण्यावरूनही बघतात. त्यामुळे लिपी बदलली म्हणून सुटका होत नाही.

आणि वर्णन करणारे शब्द अडतात. 'बालवाडी', 'खेळघर', 'शिशुगृह' यांवर कोणा एकाचा हक्क मान्य होणं अवघड, कारण ते सेवा काय आहे तेच सांगतात. भोज्या, गट्टी, खोपा यांसारखे नुसतं सुचवणारे शब्द बरे. तुम्ही सगळे अर्थाच्या अंगाने जिथे येताय, कायदाही तिथेच आणून सोडतो.

नोंद होईपर्यंत गोलातला R वापरू नका. ते बेकायदेशीर आहे. TM चालतं.

ठाणे_स्लो
छोट्या प्लेग्रुपला एवढं कशाला? कंपनी नाही ना ती.

कायदेभान
नाही केलं तरी चालेल. शोध मात्र घ्याच. तुम्ही नोंद न करणं ही तुमची मर्जी. दुसऱ्याने आधीच केलेली असणं ही तुमची अडचण.

साळुंकी
काल परीक्षा घेतली. बारा जण, सहा मराठी, तीन हिंदी, एक गुजराती, एक कन्नड, एक तेलुगू. शब्द पाच: भोज्या, कुशी, गट्टी, खोपा, अंगण.

भोज्या: मराठी सहाही जण ऐकताच हसले, हे एकाही दुसऱ्या शब्दाला झालं नाही. पण स्पेलिंगं पाच आली. Bhojya, Bhojja, Bhojjya, Bhojia आणि एक चक्क Bhujia. जोधपूरी, तुम्ही जिंकलात.

कुशी: Kushi सात, Khushi पाच. हिंदीवाल्या तिघांनाही 'आनंद'च ऐकू आला. 'हे कशाचं दुकान' ला दोघं म्हणाले, साड्यांचं.

गट्टी: Gatti दहा, Gutti दोन. गुजराती मैत्रीण म्हणाली, गोड वाटतं, का ते माहीत नाही.

खोपा: स्पेलिंग एकच, Khopa. पण दोन हिंदीवाल्यांनी लगेच 'खोपड़ी?' विचारलं.

अंगण: Angan सात, Aangan पाच, अगदी सांगितल्यासारखं. दोघांनी विचारलं, सरकारी आहे का.

जोधपूरी_मराठी
खोप्याचं वाईट वाटतं. सुगरणीचा खोपा फांदीला लोंबकळतो, वाऱ्यावर झुलतो, दार खालून असतं म्हणून साप सहज शिरत नाही. सुरक्षितता आणि झोका एकत्र. पण खोपड़ीचं काय करणार.

बेळगावी_कुंदा
कन्नडमध्ये 'गट्टी' म्हणजे घट्ट, मजबूत. तुमच्या कन्नड पालकांना नाव 'भक्कम' असं ऐकू येईल. मंगळूरकडे आडनावही आहे. वाईट अर्थ माझ्या कानावर कुठे आला नाही.

साळुंकी
हे फार छान. मराठीत मैत्री, कन्नडमध्ये भक्कम.

फुगडी
पण गट्टीत सुरक्षितता कुठे आली? ती मैत्री आहे. मागितलं होतं सुखरूप आणि खेळ.

खडूफळा
वाजवी शंका. माझं मत असं: या वयाच्या मुलाच्या पालकाला भीती कशाची असते? कुलपाची आणि कॅमेऱ्याची चौकशी तो करतो, पण आतली भीती 'माझं मूल तिथे एकटं पडेल, रडत बसेल' ही असते. गट्टी त्याच भीतीला उत्तर देते. गट्टी फक्त मुलंच करतात, मोठी माणसं करार करतात. त्यामुळे खेळही आलाच. तरीही भोज्याइतका नेमका शब्द तो नाही, हे मान्य.

फुगडी
मला नाही पटलं. गट्टी म्हटलं की पाठोपाठ 'कट्टी' येते. एखादा पालक चिडला की अभिप्रायात पहिलं वाक्य तेच लिहील.

बाराखडी
लिहील. आणि त्याच्याखाली दुसरा कोणी 'आमची अजून गट्टी आहे' असंही लिहील. तरी फुगडींचा मुद्दा खोडून काढता येत नाही. ज्या शब्दाचा उलटा शब्द त्याच्याशीच यमक जुळवतो तो थोडा धोक्याचा.

मुद्राक्षर
आता अक्षरांचं बोलू द्या.

फलक बनवणाऱ्यांचा ढोबळ हिशोब असा, की दर दहा फूट अंतराला एक इंच अक्षराची उंची. तुमचा फलक रस्त्यापलीकडून, म्हणजे साठ फुटांवरून वाचायचा असेल तर अक्षर सहा इंच हवं. पण हा हिशोब रोमन अक्षरांचा. देवनागरीत सहा इंच हे शिरोरेषेपासून खालपर्यंतचं अंग धरा. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना आणखी प्रत्येकी दोन-अडीच इंच लागतात.

इथे शब्दाशब्दांत फरक पडतो. 'कुशी'त खाली उकार आणि वर वेलांटी, म्हणजे तेवढ्याच उंचीच्या पट्टीत अक्षराचं अंग लहान करावं लागतं. 'गट्टी'ला फक्त वर जागा लागते. ट्ट मात्र एकाखाली एक लिहायचा नाही, लांबून तो काळा ठिपका दिसतो. पाय मोडलेला ट् आणि शेजारी पूर्ण ट ठेवा, किंवा चित्रकाराकडून मोकळा जोडाक्षर काढून घ्या.

'अंगण' बाद झालं ते बरंच. अॅक्रिलिकच्या सुट्या अक्षरांत अनुस्वाराचा ठिपका वेगळा तुकडा असतो. बाकी सगळं शिरोरेषेला धरून राहतं, तो एका स्क्रूवर. पहिल्या पावसाळ्यात पडतो आणि मग 'अगण'.

अजून एक. दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद असेल तर २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे मराठी देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. रोमन Gatti खाली लिहा, तेवढ्याच किंवा लहान आकारात.

ठाणे_स्लो
रंग कोणते? लाल-पिवळा?

मुद्राक्षर
लाल-पिवळा म्हटलं की बर्गर आणि वडापाव. तो दुसरा धागा काढा.

साळुंकी
गट्टीकडे कल आहे. वाईट बातमीचं वाक्य म्हणून पाहिलं: 'गट्टीत पडला, गुडघा फुटला.' चालतंय, जागेचं नाव वाटतं. भाचीला म्हणायला लावलं, ती सव्वादोन वर्षांची आहे, 'दत्ती' म्हणाली. तेही चालेल.

पण भोज्या सोडवत नाही. काही करता येईल?

बाराखडी
सोडू नका. आत वापरा. या वयात सगळ्यात अवघड क्षण म्हणजे दारात आईचा हात सोडणं. दारापाशी एक ठरावीक चटई किंवा रंगवलेला गोल करा आणि त्याला भोज्या म्हणा. सकाळी मूल भोज्यावर ताईच्या हाती द्यायचं, संध्याकाळी भोज्यावरूनच परत घ्यायचं, मध्ये कुठेही नाही. पालकांना सूचना द्यायलाही सोपी: 'मुलाला भोज्यावरूनच न्या.' तिथे ना रोमन स्पेलिंग लागतं ना शोध. हिंदी पालक आठवडाभरात शिकतील, आणि 'भुजिया' म्हणाले तरी चटईचं काही बिघडत नाही.

खडूफळा
हे उत्तम. फक्त चटई गेटच्या आत, दाराच्या झडपेच्या पलीकडे ठेवा. दार उघडताना मूल झडपेच्या कक्षेत उभं असतं आणि बोटं बिजागरीच्या फटीत जातात. चौकटीला बिजागरीच्या बाजूने बोटं न सापडू देणारी रबरी पट्टीही लावून घ्या.

फुगडी
म्हणजे शेवटी सुरक्षितता चटईवर गेली आणि नावात मैत्री उरली. माझा आक्षेप कायम आहे, पण शुभेच्छा.

कायदेभान
फलकाची ऑर्डर देण्याआधी Gatti, Gutti, Gatty, Ghatti, Gattee आणि Katti असे सहाही ४१ आणि ४३ मध्ये शोधा. .in चं डोमेन मोकळं असेल तर त्याच दिवशी घेऊन टाका. शोधात कोणी जवळचं निघालं तर त्याची स्थिती बघा. 'ऑब्जेक्टेड' किंवा 'अपोज्ड' दिसलं म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नव्हे, प्रकरण अजून चालू आहे. तुमचा अर्ज नियतकालिकात छापून आल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात. तोवर अॅक्रिलिक नको, कापडी फलक लावा.

साळुंकी
कापडी फलकावर ट्ट मोकळा काढून हवाय, मुद्राक्षर, व्यनि करते.